मोबाइल कॅमेऱ्यांवरून स्नेहसंमेलनाचे थेट प्रक्षेपण : या चुका टाळा

चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या स्नेहसंमेलनाचे थेट प्रक्षेपण आम्ही तीन मोबाइल, एक लॅपटॉप आणि ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या साहित्यावर केले. कामधंद्यासाठी सुरतला आणि पुण्याला राहणारे अनेक पालक ते पाहणार होते. दुपारच्या तालमीत सारे सुरळीत चालले, पण संध्याकाळी पटांगण माणसांनी भरले आणि पहिल्याच स्वागतगीतात मुलींचे चेहरे चौकोनी ठिपक्यांत फुटू लागले. सर्वांनी दोष इंटरनेटला दिला. प्रत्यक्षात यूट्यूबकडे जाणारा प्रवाह ठीक होता. बिघाड मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यामधल्या पन्नास-साठ पावलांत होता.

मोबाइलचे चित्र ओबीएसमध्ये आणण्यासाठी आम्ही व्हीडीओ निंजा ही मोफत सेवा वापरतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पहिला दुवा उघडायचा आणि दुसरा दुवा ओबीएसमध्ये `Browser` या स्रोतात भरायचा, एवढेच काम असते.

```
https://vdo.ninja/?push=sneh7kq2cam1
https://vdo.ninja/?view=sneh7kq2cam1&bitrate=2500&noaudio
```

दुव्यातील नाव `cam1` असे सोपे ठेवू नये, कारण ते ओळखणारा कोणीही आपल्या मुलांचे चित्र पाहू शकतो. स्रोत जोडताना रुंदी आणि उंची आपोआप 800 व 600 अशी भरलेली असते. ती 1280 व 720 करावी.

दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असतील, तर जोडणी जुळवण्यापुरते इंटरनेट लागते आणि त्यानंतर चित्र शाळेच्या आतल्या आतच फिरते. मोबाइल स्वतःच्या डेटावर राहिला, तर तेच चित्र बाहेर जाऊन शाळेच्या इंटरनेटवरून परत आत येते आणि यूट्यूबसाठी राखलेल्या जोडणीवर विनाकारण भार पडतो. राउटरवर पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय असेल, तर ते उपकरणांना एकमेकांशी थेट बोलू देत नाही आणि परिणाम जवळजवळ तोच होतो. खात्री करायची असेल, तर दुसरा दुवा लॅपटॉपच्या क्रोममध्ये उघडून चित्रावर Ctrl दाबून क्लिक करावे. समोर येणाऱ्या आकडेवारीत `relay` हा शब्द दिसला, तर चित्र बाहेरच्या सर्व्हरवरून फिरून येत आहे असे समजावे. तपासणी झाल्यावर क्रोममधील ते पान मात्र आठवणीने बंद करावे. कारण पुढे येईलच.

आमच्या बाबतीत मोबाइल शाळेच्या वायफायवरच होते, परंतु राउटर व्हरांड्याच्या टोकाला कार्यालयात होता आणि 2.4 गिगाहर्ट्झवर चालत होता. रिकाम्या पटांगणात तो पुरला. माणसे बसल्यावर त्यांच्या शरीरांनी लहरी शोषल्या आणि त्यांच्या खिशांतील शेकडो मोबाइलनी तेच चॅनेल गजबजवून टाकले. शिवाय लॅपटॉपही वायफायवर असल्यामुळे प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जात होते, एकदा मोबाइलकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून लॅपटॉपकडे. तीन कॅमेरे प्रत्येकी सुमारे अडीच मेगाबिट म्हणजे साडेसात. हवेतला भार मात्र पंधरा झाला होता. मध्यंतरात आम्ही राउटर लांब तारेने रंगमंचाच्या बाजूच्या खांबावर, डोक्यांच्या वर बांधला, मोबाइल 5 गिगाहर्ट्झवर घेतले आणि लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडला. त्यानंतर चित्र फुटले नाही. तालीम रिकाम्या पटांगणात घेऊन समाधान मानणे हीच आमची मूळ चूक होती. निदान परिपाठाला सर्व विद्यार्थी बसलेले असताना एकदा चाचणी घ्यायला हवी होती.

दुसरी चूक ओबीएसच्या आत होते आणि ती सहज लक्षात येत नाही. लांबचे दृश्य, जवळचे दृश्य आणि दोन्ही शेजारी-शेजारी असे तीन `Scene` केले आणि प्रत्येकात तोच दुवा नव्याने भरला, तर ओबीएस प्रत्येक वेळी मोबाइलकडे वेगळी जोडणी मागते. मोबाइल एकच चित्र दोनदा तयार करून दोनदा पाठवतो, तापतो आणि त्याची गती मंदावते. क्रोममध्ये उघडे राहिलेले पानही अशीच एक जोडणी खाते. म्हणून कॅमेरा एकदाच जोडावा आणि इतर दृश्यांत तो आधीच्या स्रोतांच्या यादीतून, `Add Existing` निवडून घ्यावा.

याच स्रोताच्या खिडकीत `Shutdown source when not visible` आणि `Refresh browser when scene becomes active` अशा दोन चौकटी आहेत. लॅपटॉपवरचा ताण कमी व्हावा म्हणून काही जण त्यांवर खूण करतात. पहिलीमुळे न दिसणारा कॅमेरा बंद होतो आणि दुसरीमुळे दृश्य प्रक्षेपणात येते त्याच क्षणी पान नव्याने उघडते. म्हणजे आपण पारितोषिक घेणाऱ्या मुलाकडे वळतो आणि प्रेक्षकांना काही सेकंद काळा पडदा दिसतो. `Studio Mode` मध्ये डावीकडे चित्र नीट दिसत असूनही बदल करताच ते नाहीसे होत असेल, तर दोष दुसऱ्या चौकटीतच शोधावा. दोन्ही रिकाम्या ठेवाव्यात.

आवाजाच्या बाबतीत मी आग्रही आहे, कारण थोडे अस्पष्ट चित्र पालक सहन करतात, पण नातीचे भाषण ऐकू न आल्यास आजी-आजोबा हिरमुसतात. मोबाइलचा आवाज घेऊच नये. वरच्या दुव्यातील `noaudio` त्यासाठीच आहे. तीन मोबाइलचे तीन आवाज वेगवेगळ्या उशिराने आले की सारे घुमते. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एकाच तारेने घ्यावा, परंतु ती तार लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात थेट खुपसू नये. मिक्सरचा सिग्नल माइकपेक्षा फार मोठा असल्यामुळे आवाज फाटतो आणि ओबीएसमधील कळ खाली ओढूनही तो सुधारत नाही. लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड मध्ये लावावे आणि बोलण्याची पातळी मीटरच्या पिवळ्या पट्ट्यात राहील असे पाहावे.

तारेने आलेला आवाज चित्राच्या आधी पोहोचतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळत नाहीत. हे अंदाजाने जुळवू नये. एका शिक्षकाला माइकसमोर उभे करून टाळी वाजवायला सांगावी, ओबीएसमध्ये दहा सेकंद रेकॉर्ड करावे आणि ते चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहावे. आम्हाला टाळीच्या आवाजानंतर नऊ फ्रेमनी हात जुळलेले दिसले. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे एक फ्रेम सुमारे 33 मिलिसेकंदांची. म्हणून `Advanced Audio Properties` मधील `Sync Offset` मध्ये आम्ही 300 भरले. प्रत्येक कॅमेऱ्याचा उशीर थोडा वेगळा असतो. सर्वांना अचूक जुळवत बसण्यापेक्षा, ज्यात चेहरे जवळून दिसतात त्या कॅमेऱ्याप्रमाणे आकडा ठरवावा.

मोबाइल विमान मोडवर टाकून फक्त वायफाय सुरू ठेवावे. तरीही व्हॉट्सॲपचा कॉल वायफायवरून येतोच, म्हणून `Do Not Disturb` चालू असावे. स्क्रीन बंद झाली किंवा ब्राउझर मागे गेला की कॅमेरा थांबतो, हे मोबाइल धरणाऱ्या विद्यार्थ्याला आधीच समजावून सांगावे.

यूट्यूबवर प्रथमच थेट प्रक्षेपण करणाऱ्या खात्याला परवानगी मिळण्यास 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून हे काम निदान दोन दिवस आधी उरकावे. चित्रपटगीतांवरील नृत्यांमुळे यूट्यूब प्रक्षेपण मध्येच थांबवू शकते. त्यासाठी ओबीएसमध्ये `Start Recording` ही कळ सुरुवातीपासून दाबलेली असावी. आमच्याकडे एका नृत्यादरम्यान प्रक्षेपण तुटले, आणि सुरतच्या पालकांना दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग पाठवता आले.