८४ वरून १७ वर, आणि तरी धंदा तसाच

इक्विटी रिसर्चमध्ये नवा होतो तेव्हा हिंदुस्थान युनिलिव्हरवर टिपण लिहायला मिळालं. भागधारकांच्या पैशावरचा परतावा, म्हणजे आरओई, मार्च २०२० ला सुमारे ८४ टक्के होता. वर्षभरात तो १७ वर आला. ‘नफाक्षमता घसरली’ असं मी ठोकून दिलं. सरांनी कागद परत ढकलला. म्हणाले, “आधी ड्युपाँट करून बघ, मग लिही.”

ड्युपाँट म्हणजे आरओईचे तीन तुकडे. विक्रीच्या रुपयामागे नफा किती ते मार्जिन, मालमत्तेच्या रुपयामागे विक्री किती ती उलाढाल, आणि भागधारकांच्या रुपयामागे मालमत्ता किती ते लिव्हरेज. तिघांचा गुणाकार केला की आरओई परत मिळतो.

आकडे मांडले. मार्च २०२० च्या वर्षात उत्पन्न साधारण ३८,८०० कोटी, नफा ६,७४०, मालमत्ता १९,६०० आणि भागधारकांचा निधी ८,००० कोटी. पुढच्या वर्षी हेच आकडे अनुक्रमे ४६,०००, ७,९५०, ६८,१०० आणि ४७,४००. मार्जिन १७.४ वरून १७.३ टक्के, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे! उलाढाल मात्र १.९८ वरून ०.६८ वर आणि लिव्हरेज २.४५ वरून १.४४ वर आलं होतं.

कारण विलीनीकरणात होतं. १ एप्रिल २०२० ला हॉर्लिक्सवाली जीएसके कन्झ्युमर हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली. मोबदला नव्या शेअर्सनी दिल्यामुळे भागधारकांचा निधी फुगला आणि समोरच्या बाजूला ब्रँड व गुडविल मालमत्ता म्हणून चढले. साबण-पावडरीचा धंदा आधीसारखाच चालू होता. टिपण लिहिताना मी मार्जिन न पाहताच त्याला दोष दिला होता.

लिव्हरेजबद्दलही माझा असाच गैरसमज होता. २.४५ दिसलं की मला बँकेचं कर्ज आठवायचं, पण या कंपनीवर कर्ज नगण्य आहे. ते मुख्यतः पुरवठादारांची देणी होती. म्हणून लिव्हरेज जास्त दिसलं की ताळेबंदात नेमकं देणं कोणाचं ते उघडून बघा.

आता एक खोच. बऱ्याच वेबसाइट्स वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या निधीची सरासरी घेतात. तशी घेतली की २०२१ चा आरओई २९ टक्क्यांजवळ दिसतो. एरवी सरासरी बरोबरच असते, पण इथे निधी वर्षाच्या पहिल्याच दिवशी वाढला होता. सुरुवातीचे ८,००० कोटी त्या वर्षाच्या धंद्याला लागूच नव्हते, त्यामुळे २९ फसवा ठरतो. मी दोन्ही आकडे टिपणात दिले आणि कोणता का घेतला ते एका ओळीत लिहिलं.

सरांनी या वेळी फक्त स्पेलिंगच्या चुका काढल्या.