निवृत्त वाचकांना पंधरा मिनिटांत तीन कादंबऱ्या कशा सांगाव्यात

वाचनालयात पुस्तकांवर बोलायला उभा राहिलेला माणूस आधी लेखकाचा जन्म सांगतो, मग पुरस्कार, मग वाचन कसं कमी होत चाललंय याची काळजी, आणि वेळ संपत आली की घाईघाईत पुस्तक. समोरच्यांना हवं असतं ते फक्त शेवटचं. नाशिकमध्ये तर हे आणखीच खटकतं. १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय असलेलं हे शहर आहे. समोर बसलेले लोक ओझरच्या एचएएलमधून, नोट प्रेसमधून, बँकांतून, शाळांतून निवृत्त झालेले असतात, आणि त्यातले कित्येक नोकरीच्या काळातही न चुकता पुस्तक बदलायला येत आलेले. वाचन का करावं, हे त्यांना ऐकवू नका. वाचनाने स्मरणशक्ती टिकते वगैरे तर मुळीच नको. संध्याकाळी घरी काय न्यावं, एवढंच त्यांना सांगायचं आहे.

पुस्तकं तीनच घ्या. पंधरा मिनिटांत दहा नावं सांगणाऱ्याचं एकही नाव जिना उतरेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. एकेका कादंबरीला चार मिनिटं, उरलेली तीन मिनिटं माइक नीट होण्यात आणि खुर्च्या सरकण्यात जातात.

निवडताना माझी एकच कसोटी आहे. पुस्तक चार दिवस बाजूला पडलं आणि पुन्हा उघडलं, तर धागा लगेच हाताला लागतो का? या वयातलं वाचन सलग होत नाही. मध्ये नातवंडं येतात, डॉक्टर येतो, लेकीकडे पुण्याला जाणं येतं. ‘तुंबाडचे खोत’ मला फार आवडते, पण ते दोन जाडजूड खंड आहेत आणि एका घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या त्यात आहेत. चार दिवसांनी उघडलं की कोण कुणाचा मुलगा हे मागे जाऊन बघावं लागतं, आणि झोपून वाचायचं तर खंड छातीवर पेलत नाही. ती या भाषणासाठी नाही. ‘श्यामची आई’ही नको. ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तो विषय निघाला की तुमची पाच मिनिटं गेलीच.

मी बहुतेक वेळा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’ व ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या दोन, अशा तीन घेते. तुम्ही तुमच्या घ्या, पण स्वतः दोनदा वाचलेल्या.

कार्यक्रमाच्या आधी वाचनालयात जाऊन त्या पुस्तकांच्या प्रती कपाटातून हातात घेऊन बघा. यादीत नाव असणं आणि कपाटात पुस्तक असणं यात फरक असतो. जुन्या प्रतीचं बायंडिंग इतकं घट्ट केलेलं असतं की ओळींची शेवटची अक्षरं शिवणीत जातात. टाइप बारीक असेल, पान पिवळं पडलं असेल, तर तसं सभेत सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेल्या माणसाला ही माहिती लेखकाच्या पुरस्कारांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता अवघड भाग. मला हाच सगळ्यात उशिरा जमला, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते.

‘हळुवार, शांत कादंबरी सांगा’ असं आयोजक म्हणतात. सांगणारे त्याचा अर्थ ‘कुणाला दुःख होणार नाही अशी’ असा घेतात. मग एक तर बेचव पुस्तकं निवडली जातात, नाहीतर चांगल्या पुस्तकातलं दुःख लपवलं जातं. दुसरा प्रकार जास्त वाईट. एका कार्यक्रमात एका वक्त्याने ‘पाडस’ची ओळख ‘एका मुलाची आणि हरणाच्या पिल्लाची गोड गोष्ट’ अशी करून दिली होती. राम पटवर्धनांचा तो अनुवाद अप्रतिम आहे, त्यातलं रान, पाऊस, बापलेकाचं नातं, सगळं खरंच गुंतवून ठेवतं. पण त्याच मुलाला शेवटी आपल्या हरणावर बंदूक चालवावी लागते. समोरच्या एक आजी ते घेऊन गेल्या. घरातला म्हातारा कुत्रा जाऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. पुस्तक परत करताना त्या टेबलावरच्या मुलाला एवढंच म्हणाल्या, “त्यांनी आधी सांगायला हवं होतं.” त्यांचं बरोबर होतं.

दुःख नसलेली कादंबरी शोधत बसू नका, फारशी सापडणार नाही. सांगणाऱ्याचा स्वर कडवट नाही, तो कुणाची फजिती करत नाही, आणि घटना वाचकाच्या अंगावर फेकत नाही, तर ती कादंबरी हळुवार. दुःख कोणत्या जातीचं आहे आणि कुठे येतं, हे मात्र आधी सांगायचं. कुणाचं काय होतं ते नाही सांगायचं. मृत्यू आहे, दुष्काळ आहे, घर मोडणं आहे की मुक्या जनावराचं मरण आहे. ते मध्येच येतं की शेवटाकडे, इतकंच. ज्याला ते आत्ता सोसणार नाही तो पुस्तक ठेवून देतो, आणि बाकीचे निर्धास्त मनाने नेतात. शेवट फुटेल अशी भीती तरुण वक्त्यांना फार वाटते. सत्तरीतला वाचक शेवट कळावा म्हणून वाचत नाही, हे माझं ठाम मत आहे.

‘बनगरवाडी’ मी साधारण अशी सांगते:

“औंध संस्थानातली एक धनगरवाडी. तिथल्या शाळेवर एक पोरगेला मास्तर येतो. शाळा आहे, पोरं नाहीत, पोरं मेंढरांमागे. मग पोरं कशी जमली आणि वाडीने मास्तराला आपलं कसं म्हटलं, एवढीच गोष्ट. शिकवण्याइतकीच लोकांची बारीकसारीक कामं मास्तराच्या गळ्यात पडतात. यात एक आनंदा रामोशी आहे. तो चोऱ्या करतो आणि तरी आपल्याला त्याचा राग येत नाही. एक शेकू आहे. त्याच्याकडे बैल एकच, तर दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. पुस्तक लहान आहे, एकेक प्रसंग वेगळा वाचता येतो. शेवटाकडे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. ते वाचताना जड जातं, पण लेखक आपल्याला रडवायला बसलेला नाही. ज्यांची पहिली नेमणूक आडगावात झाली होती, त्यांनी हे आधी न्यावं.”

हे सावकाश बोललं तर दीड मिनिटाच्या आसपास होतं. यात काय नाही ते बघा. वाडीत तालीम बांधली जाते, राजेसाहेब येतात, तो सगळा भाग मी सांगत नाही. तो पुस्तकाच्या पोटातला आनंद आहे, वाचकासाठी ठेवलेला बरा. १९५५ साल, चित्रपट, हेही नाही; कुणी विचारलं तर सांगावं. कथानक क्रमाने सांगायला लागलात की चार मिनिटांत निम्म्यापर्यंतच पोचता आणि वाचायचं कारणच संपतं. दोन माणसं दाखवा, एक जागा दाखवा, दुःखाचा पत्ता द्या, आणि पुस्तक कुणासाठी आहे ते सांगा.

‘कुणासाठी’ हे शेवटचं वाक्य चुकवू नका. ‘सर्वांनी वाचावं असं पुस्तक’ म्हटलं की कुणीच उठत नाही. आडगावातली नेमणूक म्हटलं की दोन निवृत्त शिक्षिका एकमेकींकडे बघतात, आणि त्यातली एक पुस्तक नेते.

‘पडघवली’ला हीच पद्धत, पण सावधगिरी वेगळी. कोकणातलं एक गाव आणि तिथे लग्न होऊन आलेली बाई ते सगळं सांगते आहे. बोली कोकणातली, त्यामुळे सुरुवातीची पानं थोडी अडखळतात. “मनातल्या मनात नको, ओठांत पुटपुटत वाचा, दहा पानांत कानाला बसेल,” असं मी सांगून टाकते. नाहीतर लोक तिसऱ्या पानावर थांबतात आणि स्वतःलाच दोष देतात. दुःख इथे गाव हळूहळू मोडण्याचं आहे, आणि ते शेवटी एकदम न येता पुस्तकभर पसरलेलं आहे. ज्यांनी गावाकडचं घर नुकतंच विकलं असेल त्यांनी ते थोडं थांबून न्यावं, हे मी स्पष्ट म्हणते. अशी माणसं सभेत असतातच, आणि बहुधा तीच कार्यक्रम संपल्यावर ते पहिल्यांदा मागतात. मागू द्यावं.

‘भ्रमणगाथा’ नर्मदेच्या परिक्रमेची आहे. ती सांगताना फक्त एक सांभाळा. नाशिकच्या सभेत परिक्रमा करून आलेलं कुणीतरी असतंच, आणि ते उभं राहिलं की पुस्तक बाजूला राहून अमरकंटकच्या मुक्कामाची चर्चा सुरू होते. ही कादंबरी शेवटी ठेवा. मग चर्चा झाली तरी तुमचं काम झालेलं असतं.

मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर एकाच पुस्तकातलं, दहा-बारा ओळी. पूर्ण पान वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात आणि मागच्या रांगेतल्यांना त्यातलं निम्मं ऐकू येत नाही. संवाद टाळा, वर्णन घ्या. संवादात कोण बोलतंय ते कानाने कळत नाही. स्लाइड नको. त्याऐवजी नाव आणि लेखक ठळक मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात द्या. चष्मा पिशवीत असला तरी वाचता आली पाहिजे.

प्रश्नांत “शेवट गोड आहे का हो?” हा येणारच. हो किंवा नाही, सरळ सांगा. “तुम्हीच वाचा ना” असं हसून टाळू नका. विचारणाऱ्याला काहीतरी कारण असतं.

आणि प्रत बहुतेक वेळा एकच असते. भाषण संपताच टेबलाशी चार हात एकदम पुढे येतात. म्हणून ग्रंथपालांना आधीच सांगून एक वही ठेवायला लावा, तिन्ही पुस्तकांची तीन पानं, आणि नंबर लावून घ्या. दोन नंबरच्या माणसाला पुस्तक कधी मिळेल याची अंदाजे तारीख वहीतच लिहा. तारीख नसेल तर तो पुढच्या आठवड्यात येतो, पुस्तक नाही म्हणून परत जातो, आणि पुन्हा विचारत नाही.