तक्ता उडाला तरी ब्रेक-इव्हन निघतो

ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल एवढी विक्री, काढायला सांगणाऱ्या व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नातला खर्च आणि विक्रीदराचा तक्ता उघडत नसेल, तर तक्त्याखालचा मजकूर नीट वाचा. दोन महिन्यांची विक्री आणि नफा दिला असला की भागतं.

समजा, आपल्या यवतमाळकडच्या एका डाळमिलची विक्री २,००,००० वरून २,८०,००० रुपयांवर गेली आणि नफा १०,००० वरून ३०,००० झाला. वाढलेला नफा भागिले वाढलेली विक्री, म्हणजे पीव्ही रेशो २५ टक्के; विक्रीच्या दर रुपयातले २५ पैसे स्थिर खर्च आणि नफ्यासाठी उरतात. २,८०,००० चे २५ टक्के ७०,०००. त्यातून नफा वजा केला की स्थिर खर्च ४०,०००. त्याला २५ टक्क्यांनी भागलं की ब्रेक-इव्हन १,६०,०००. दुसऱ्या महिन्याचं मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे ब्रेक-इव्हनच्या वरची विक्री, उरलं १,२०,०००. ताळा म्हणून ३०,००० ला २५ टक्क्यांनी भागून पाहा, तेच येतं.

मधेच दर किंवा मिलचं भाडं बदललं असेल, तर मात्र ही युक्ती फसते. आणि उत्तर क्विंटलमध्ये मागितलं असेल, तर विक्रीदर लागतोच. तो अंदाजाने घालू नका.