स्क्रिप्ट आधी मोठ्याने वाचा, मग कॅमेरा लावा

लिहिताना सरळ वाटलेल्या वाक्यावर कॅमेऱ्यासमोर जीभ अडखळते आणि टेकवर टेक होतात.

1. स्क्रिप्ट व्हिडिओच्याच आवाजात, त्याच वेगात वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. अडखळलात तिथे पेन्सिलीने खूण करा, थांबू नका.

2. त्याच जागी पुन्हा अडखळलात तर वाक्यच बदला. माझ्या ताकाच्या कढीच्या व्हिडिओत 'कढईच्या कडेची कढी काढत राहा' होतं. 'ढवळत राहा, म्हणजे चिकटणार नाही' केलं आणि एका टेकमध्ये झालं.

3. रेकॉर्डिंग ऐकताना 'तर मित्रांनो', 'खरं तर', 'अ‍ॅक्च्युअली' खोडा.

प्रत्येक 'तर' मात्र उडवू नका. 'जोरात उकळली तर फुटते' यातला 'तर' हवाच.