रस्त्यालगतची मोडकी इमारत उतरवताना: मेथड स्टेटमेंट लिहिणाऱ्या नव्या साइट इंजिनीअरसाठी

पहिलं डिमॉलिशनचं मेथड स्टेटमेंट लिहायची वेळ आली की बहुतेक जण जुनी फाइल उघडतात आणि ‘वरून खाली, मजल्यागणिक पाडकाम’ हे वाक्य उचलतात. वाक्य चूक नाही, पाडकामातल्या सुरक्षेचा भारतीय कोड आयएस ४१३० हेच सांगतो. पण एका मजल्याच्या आत आधी काय काढायचं आणि नंतर काय, हे त्यात येत नाही. जुन्या इमारती कामगारांच्या अंगावर येतात त्या नेमक्या याच जागी.

गिरगाव-काळबादेवीकडे असते तशी एक इमारत डोळ्यासमोर आणा. तळमजला अधिक तीन, दर्शनी रुंदी १२ मीटर, उंची १३ मीटर. बाहेर चुन्यातल्या विटांची १८ इंची भिंत, आत सागवानी खांब, तुळया, कड्या, त्यावर फळ्या आणि चुन्याचा कोबा. रस्त्याकडे लाकडी सज्जे, माथ्यावर मंगलोरी कौलं. पुढे २ मीटर फुटपाथ आणि ९ मीटरचा चालू रस्ता. महापालिकेने सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवून रिकामी करून घेतलेली, आणि दुसऱ्या मजल्यावर दर्शनी भिंत बाहेर फुगलेली.

ही भिंत स्वतःच्या बळावर उभी नसते. प्रत्येक मजल्याच्या कड्या तिच्यात रुतलेल्या असतात आणि त्याच तिला आत धरून ठेवतात. ठेकेदाराचा डोळा मात्र सागवानावर असतो, कारण पैसा त्यात आहे. त्याला सोडला तर तो दोन मजल्यांच्या कड्या आधी ओढून काढेल आणि रस्त्याकडे ८ मीटरची सुटी भिंत उभी ठेवेल. म्हणून स्टेटमेंटमध्ये स्पष्ट लिहा: भिंत ज्या मजल्याच्या पातळीपर्यंत उतरली आहे, त्याच मजल्याच्या कड्या काढायच्या, खालच्यांना हात नाही.

फुगवटा किती आहे ते ओळंबा सोडून मोजा. ४५० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत वरचं वजन मधल्या तिसऱ्या भागातून, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्हीकडे ७५ मिलिमीटरच्या आतून गेलं पाहिजे. फुगवटा ६० मिलिमीटर भरला तर हातात फारसं काही उरलेलं नाही. भेगांवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काचेच्या पट्ट्या बसवा आणि तारीख घाला. पट्टी तडकली की भेग हलली. रस्त्यावरून तिरके टेकू लावायला जागा नसते, त्यामुळे भिंतीच्या बाहेरून आणि आतून आडवे चॅनल घेऊन खिडक्यांतून बोल्टने आवळतात आणि आतला चॅनल मजल्याच्या चांगल्या तुळयांना बांधतात. तुळईची भिंतीतली टोकं आधी टोकून पाहा. वरून ठणठणीत दिसणारी तुळई भिंतीच्या आत ओल लागून भुसा झालेली असते.

आता रस्ता किती बंद ठेवायचा ते पाहू. चॅनल आवळले जाईपर्यंत सबंध भिंत आडवी पडू शकते असंच धरायचं. भिंत १३ मीटर, फुटपाथ आणि रस्ता मिळून ११, म्हणजे समोरचा फुटपाथसुद्धा धोक्याच्या पट्ट्यात येतो. हे काम रात्री, वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन, रस्ता पूर्ण बंद ठेवूनच करावं. भिंत बांधली गेली, परांची आणि पडदा उभा राहिला, की मग पट्टा फुटपाथ अधिक ३ मीटरची एक लेन इतका आखडता येतो. उरलेल्या ६ मीटरमधून वाहतूक जाते, पादचारी समोरच्या फुटपाथवरून. आखडलेला पट्टा हाताने, वीट-वीट उतरवण्यासाठी आहे. ब्रेकर किंवा पोकलेन आला की हिशोब बदलतो, हे वाक्य लिहून ठेवा, नाहीतर घाईच्या दिवशी कोणीतरी मशिन आणतंच.

क्रम असा. वीज, गॅस, पाणी तोडल्याचे लेखी दाखले आधी हातात घ्या, तोंडी ‘बंद आहे’ चालत नाही. मग कौलं, आढ्याकडून वळचणीकडे, दोन्ही उतारांवरून सारखी उतरवत. एकच उतार मोकळा केला तर कैची कलते. वर कोणी सिमेंटचे जुने पत्रे टाकले असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असं धरून ते न फोडता, ओले करून, अख्खे उतरवा आणि गुंडाळून वेगळे ठेवा.

कौलांनंतर सज्जे. नवखे इथे हमखास चुकतात. सज्जाच्या कड्या भिंतीतून बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या मुळावर वरच्या भिंतीचं वजन असतं. ते वजनच सज्जाला उलटू देत नाही. वरची भिंत आधी काढली तर सज्जा फुटपाथवर उलटतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर आधी सज्जाखाली टेकू, मग लादी आणि कठडा, मग कड्या भिंतीलगत कापायच्या. त्यानंतर आतल्या पडद्या आणि शेवटी दर्शनी भिंत. कामगार आतल्या मजल्यावर उभा, विटा आतच घ्यायच्या, आणि संध्याकाळी मजल्याच्या वर १ मीटरपेक्षा जास्त सुटी भिंत उभी ठेवायची नाही.

परांचीचे बांध भिंतीबरोबर सुटत जातात, पडदा मात्र वाऱ्यात शिडासारखा फुगतो. त्यामुळे परांची उरलेल्या भिंतीच्या वर साधारण २ मीटरपेक्षा जास्त राहू देऊ नका. मुंबईत २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाडकामाची इमारत वरून खालपर्यंत ताडपत्री, हिरवं कापड किंवा गोणपाटाने झाकायची आणि पाडताना सतत पाणी फवारायचं. एक एकरापर्यंतच्या प्लॉटला २५ फूट उंच पत्रे. तेवढ्या उंच पत्र्यालाही वारा लागतो, त्याच्या खांबांना पायाशी काँक्रीटचं वजन हवं.

धूळ म्हटलं की पाइप घेऊन पाणी मारायचं, अशी समजूत आहे. हिशोब करून पाहा. मजल्यावर एक फूट राबिट साचलं तर दर चौरस मीटरला साधारण ४५० किलो भार होतो. राहत्या घराचा मजला २०० किलो धरून डिझाइन करतात, आणि हा तर कुजका. त्यावर पाइप सोडला की चुना आणि विटा पाणी पितात, भार आणखी वाढतो. म्हणून बारीक तुषाराचं नोझल, आणि फक्त जिथे वीट निघते आहे तिथे. त्या दिवशी उतरवायचा भिंतीचा भाग अर्धा तास आधी भिजवून ठेवावा. राबिट मजल्यावर साचू न देता मागच्या बाजूच्या बंद शूटमधून रोज खाली सोडा. शूटच्या तोंडाशी वेगळा फवारा लागतो, कारण सगळ्यात जास्त धूळ तिथूनच उडते. पाणी रस्त्यावर वाहिलं तर चुन्याचा चिखल होतो आणि दुचाक्या घसरतात; पत्र्याच्या आत विटांची बुटकी कड घालून ते अडवा.

गाड्यांचा अंदाजही मांडा. दर्शनी भिंत १२ × १३ × ०.४५ म्हणजे ७० घनमीटर, खिडक्या-दारं वजा जाता सुमारे ५३. फुटल्यावर दीडपट, म्हणजे ८०. सहा घनमीटरच्या डंपरने एकट्या या भिंतीच्या तेरा-चौदा खेपा.

काम कधी थांबवायचं ते आकड्यात लिहा: काच तडकली, ओळंब्याचं माप कालच्यापेक्षा ५ मिलिमीटर सरकलं, जोराचा पाऊस किंवा वारा आला. शिट्टी वाजली की सगळे मागच्या दाराने बाहेर आणि उरलेल्या लेनही बंद. शिट्टी वाजवायचा अधिकार वर उभ्या असलेल्या मुकादमालाही द्या, खालून परवानगी येण्याची वाट पाहायला लावू नका.

तळमजल्याची भिंत ३ मीटरवर आली की मशिन आतल्या बाजूला उभं करून ती आत ओढता येते. पण जोत्याखालचा रस्त्याकडचा पाया त्याच दमात उकरू नका. फुटपाथची माती आणि त्याखालची पाण्याची लाइन त्यानेच धरलेली असते. तो नव्या कामाच्या शोअरिंगबरोबरच काढायचा.