एसआयपीचा परतावा ‘फक्त ६.७५ टक्के’ दिसतोय? पोर्टफोलिओ वाचताना या चुका टाळा

दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी. जानेवारी ते डिसेंबर बारा हप्ते गेले, म्हणजे ६०,००० रुपये. पुढच्या जानेवारीत अ‍ॅपवर आजची किंमत दिसते ६४,०४७. खाली अनरिअलाइज्ड गेन ४,०४७ रुपये, अ‍ॅब्सोल्यूट रिटर्न ६.७५ टक्के, आणि शेजारी XIRR १२.७ टक्के.

गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने अशाच आकड्यांवरून एसआयपी थांबवायचं ठरवलं होतं. तिचं म्हणणं होतं, “अगं, ६०,००० ची सात टक्क्यांनी एफडी केली असती तर ४,२०० मिळाले असते, तेही बिनघोर. मग ही कटकट कशाला?” आणि XIRR चा मोठा आकडा तर अ‍ॅपवाल्यांनी आपल्याला खूश करायला टाकलाय, असं तिला वाटत होतं. मुंबईत लोकलमध्ये उभ्या उभ्या पोर्टफोलिओ बघणाऱ्या कितीतरी जणांचं असंच होतं. ठळक आकडा वाचला जातो, बाकीचे राहून जातात.

तिच्या हिशोबात एकच गोष्ट सुटली होती: जानेवारीत तिच्याकडे ६०,००० रुपये गुंतवलेले नव्हतेच. जानेवारीचा हप्ता पूर्ण बारा महिने फंडात होता, फेब्रुवारीचा अकरा महिने आणि डिसेंबरचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर तिचा प्रत्येक रुपया साडेसहा महिनेच कामाला होता. अ‍ॅब्सोल्यूट रिटर्नला या वेळेचं काही देणंघेणं नसतं. तो एकूण नफ्याला एकूण गुंतवणुकीने भागतो आणि थांबतो. XIRR मात्र प्रत्येक हप्त्याची तारीख धरून वार्षिक दर काढतो. त्यामुळे साडेसहा महिन्यांत ६.७५ टक्के आणि वर्षाला १२.७ टक्के ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

एसआयपीची तुलना करायचीच असेल तर एफडीशी नको, बँकेच्या आरडीशी करा, कारण तिथेही पैसे महिन्याच्या महिन्याला जातात. सात टक्के दराने ५,००० ची वर्षभराची आरडी साधारण २,३०० रुपये व्याज देते. ४,०४७ च्या शेजारी ठेवायचा आकडा हा. (एसआयपीच्या आकड्यांत मी हिशोब सोपा राहावा म्हणून दरमहा एक टक्का वाढ धरली आहे. बाजार असा सरळ रेषेत चालत नाही, आणि इक्विटी फंडाच्या एका वर्षावरून फंड चांगला की वाईट हे ठरवूही नये.)

आता याच्या उलट चूक. बोनस आला म्हणून एकरकमी ५०,००० टाकले आणि पंधरा दिवसांत ५१,००० झाले. अ‍ॅब्सोल्यूट रिटर्न दोन टक्के, पण XIRR सुमारे ६२ टक्के! पंधरा दिवसांचा वेग वर्षभर असाच टिकेल असं धरून केलेलं ते गणित आहे, आणि ते तसं टिकत नाही. बाजार पडला की हाच आकडा तितकाच भयंकर उणे दिसतो. गुंतवणुकीला वर्ष व्हायच्या आत XIRR कडे बघून आनंदही मानू नका आणि धसकाही घेऊ नका. तेवढ्या काळात अ‍ॅब्सोल्यूट रिटर्नच जास्त प्रामाणिक असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो थोडे पैसे काढल्यावर. अनरिअलाइज्ड गेन म्हणजे अजून न विकलेल्या युनिटवरचा, कागदावरचा नफा. विकलेल्या युनिटचा नफा त्या आकड्यातून बाहेर पडतो, आणि किती बाहेर पडतो हे बघून माणूस हादरतो.

समजा, एकाच फंडात आधी ४० रुपये एनएव्हीला, म्हणजे एका युनिटच्या किमतीला, २,५०० युनिट घेतले आणि काही वर्षांनी ५६ ला आणखी २,५००. गुंतवणूक झाली २,४०,००० रुपये. आज एनएव्ही ६० आहे, म्हणजे किंमत ३,००,०००, कागदावरचा नफा ६०,००० आणि अ‍ॅब्सोल्यूट रिटर्न २५ टक्के. मुलीच्या प्रवेशासाठी तुम्ही २,५०० युनिट विकून १,५०,००० काढले. दुसऱ्या दिवशी एनएव्ही तेवढाच आहे, तरी स्क्रीनवर नफा फक्त १०,००० आणि रिटर्न ७.१४ टक्के!

पैसे कुठेही गेलेले नाहीत. विक्रीत आधी घेतलेले युनिट आधी जातात. म्हणजे ४० रुपयांचे, भरपूर नफ्यातले युनिट गेले आणि त्यांचे ५०,००० नफ्यासकट तुमच्या खात्यात आले. मागे राहिले ते ५६ रुपयांचे महागडे युनिट, त्यांच्यावर नफा युनिटमागे चारच रुपये.

काही अ‍ॅप मात्र सरासरी खरेदी किंमत धरतात. त्यांच्या हिशोबात प्रत्येक युनिट ४८ रुपयांचं, त्यामुळे विक्रीनंतरही कागदावरचा नफा ३०,००० आणि रिटर्न २५ टक्केच दिसतो. दिसायला हे बरं वाटतं, पण प्राप्तिकरासाठी पहिले युनिट पहिले हाच नियम लागतो आणि करपात्र नफा ५०,००० धरला जातो. म्हणून विवरणपत्र भरताना अ‍ॅपचा स्क्रीन बघून आकडा टाकू नका. कॅम्स आणि केफिनटेक या दोन रजिस्ट्रारकडून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट ईमेलवर मागवता येतं, ते घ्या. इक्विटी फंडाचे युनिट बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवले असतील तर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. बारा महिन्यांच्या आत विकले तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. शिवाय बऱ्याच इक्विटी योजनांत वर्षाच्या आत पैसे काढले तर एक्झिट लोड कापला जातो. म्हणजे स्क्रीनवरचा अनरिअलाइज्ड गेन पूर्णच्या पूर्ण हातात पडेल असं धरून फीचे किंवा घराच्या डिपॉझिटचे बेत आखू नका.

अ‍ॅपचा XIRR बरोबर आहे का, हे तपासायला एक चांगली खूण आहे. पैसे काढण्याच्या दिवशी XIRR हलायला नको. कारण ३,००,००० पैकी १,५०,००० बँकेत आले आणि १,५०,००० फंडात राहिले, तारीख तीच आणि एनएव्हीही तोच. विक्रीनंतर XIRR एकदम बदलला तर समजा की अ‍ॅप फक्त शिल्लक युनिटचा XIRR दाखवतंय. तो आकडा चुकीचा नाही, पण तुमच्या सगळ्या प्रवासाचा नाही.

सगळ्या व्यवहारांचा XIRR घरी काढता येतो. स्प्रेडशीटची पहिली ओळ मथळ्यासाठी सोडून पहिल्या रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा लिहा. गेलेला प्रत्येक हप्ता उणे चिन्हासह, मधे काढलेले पैसे अधिक आणि शेवटच्या ओळीत आजची किंमतही अधिक. वरच्या बारा हप्त्यांसाठी सूत्र असं:

```
=XIRR(B2:B14, A2:A14)
```

सगळ्याच हप्त्यांचं उणे चिन्ह विसरलं तर उत्तराऐवजी एरर येते, एखाद्याचं विसरलं तर चुकीचं उत्तर.

तुमचं उत्तर आणि अ‍ॅपचा आकडा यांत मोठी तफावत असेल तर व्यवहारांच्या यादीतली पहिली तारीख बघा. रेग्युलरमधून डायरेक्ट प्लॅनमध्ये स्विच केलं असेल तर ती एक विक्री आणि एक नवी खरेदी धरली जाते, त्यामुळे गुंतवणूक स्विचच्या दिवसापासून, त्या दिवशीच्या किमतीला सुरू झाल्यासारखी दिसते आणि आधीचा नफा गुंतवणुकीच्या आकड्यात मिसळून जातो. दुसऱ्या अ‍ॅपवरून आणलेल्या फोलिओत जुने हप्ते आलेच नसण्याचीही शक्यता असते. अशा वेळी पहिल्या खरेदीपासूनचं सविस्तर एकत्रित स्टेटमेंट मागवून अ‍ॅपमध्ये पुन्हा अपलोड करा.