शेजारची घरं टाळून जास्तीत जास्त बेरीज: दोन व्हेरिएबल्सपर्यंतचा रस्ता

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे छोट्या प्रश्नांच्या उत्तरांतून मोठा प्रश्न सोडवायची पद्धत, नव्याने शिकणाऱ्यांसोबत बसलो की मी सुरुवात बहुतेक वेळा या एकाच प्रश्नाने करतो. एका ओळीत घरं आहेत, प्रत्येक घरावर एक आकडा आहे. हवी तेवढी घरं निवडा, पण लागून असलेली दोन घरं एकत्र घ्यायची नाहीत. निवडलेल्या आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त किती होईल? लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर हा 198 क्रमांकाचा प्रश्न आहे आणि मुलाखतींच्या तयारीत तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्याचं चार ओळींचं उत्तर पाठ करणारे खूप भेटतात. मात्र त्यातली दोन व्हेरिएबल्स नेमकी काय धरून ठेवतात, हे विचारलं की बरेच जण अडखळतात. म्हणून या लेखात मी त्या दोन व्हेरिएबल्सवरच थांबणार आहे.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू: 8, 3, 2, 9, 10, 9.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला साधारण दोन कल्पना सुचतात. पहिली, एक घर सोडून एक घर घ्यायचं. पहिलं, तिसरं, पाचवं घर धरलं तर 8 + 2 + 10 म्हणजे 20, आणि दुसरं, चौथं, सहावं धरलं तर 3 + 9 + 9 म्हणजे 21. दुसरी कल्पना, सगळ्यांत मोठा आकडा आधी उचलायचा, त्याचे शेजारी बाद करायचे आणि उरलेल्यांत पुन्हा तेच करायचं. इथे आधी 10 घेतला की दोन्ही बाजूंचे 9 गेले. मग 8 घेतला की 3 गेला, उरला 2. बेरीज पुन्हा 20. खरं उत्तर मात्र 26 आहे: 8, मग चौथ्या घराचा 9 आणि सहाव्या घराचा 9. मध्ये सलग दोन घरं सोडली आहेत आणि सर्वांत मोठा आकडा हातच लावलेला नाही. नवीन माणसाला मी हे उदाहरण कागदावर स्वतः करायला लावतो, कारण दोन्ही कल्पना का फसतात हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुढच्या मांडणीची गरज पटत नाही.

यानंतर बहुतेक ठिकाणी रिकर्शन शिकवतात, मग मेमोइझेशन म्हणजे एकदा काढलेली उत्तरं साठवून ठेवणं, मग `dp` नावाची ॲरे, आणि शेवटी ॲरे काढून दोन व्हेरिएबल्स. हा क्रम चुकीचा नाही. साधं रिकर्शन 40 घरांसाठीच तीस कोटींहून जास्त वेळा स्वतःला बोलावतं, तेव्हा त्याची अडचणही लगेच कळते. पण या वाटेने आलेल्याला दोन व्हेरिएबल्स म्हणजे मेमरी वाचवण्याची शेवटची युक्ती वाटते. मला उलटी वाट जास्त पटते. आधी एकच प्रश्न विचारायचा: डावीकडून घरं बघत मी एका ठिकाणी आलो आहे, तर पुढचे निर्णय घ्यायला मागच्या सगळ्या इतिहासातलं मला काय माहीत असायला हवं?

कोणकोणती घरं घेतली याची यादी लागत नाही. आतापर्यंतची बेरीज लागते, आणि शेवटचं घर घेतलं की सोडलं एवढं लागतं. पुढच्या घरावर बंधन घालणारी गोष्ट तेवढीच आहे. समजा दोन वेगवेगळ्या निवडी आहेत आणि दोन्हींत शेवटचं घर सोडलेलं आहे. एकीची बेरीज 8, दुसरीची 3. पुढे जे काही 3 वालीला करता येईल ते सगळं 8 वालीलाही करता येईल, त्यामुळे 3 वाली कायमची विसरून गेलो तरी काहीच बिघडत नाही. म्हणजे प्रत्येक प्रकारातली सर्वांत मोठी बेरीज तेवढी ठेवायची. प्रकार दोनच, म्हणून व्हेरिएबल्स दोन. ॲरे यात मुळात आलीच नव्हती, ती काढायचा प्रश्नही येत नाही.

```python
a = [8, 3, 2, 9, 10, 9]
take, skip = 0, 0
for x in a:
    take, skip = skip + x, max(take, skip)
print(max(take, skip))
```

`take` म्हणजे आत्ताचं घर घेतलं तर जास्तीत जास्त बेरीज, `skip` म्हणजे आत्ताचं घर सोडलं तर जास्तीत जास्त बेरीज. हे घर घ्यायचं तर मागचं सोडलेलंच हवं, म्हणून मागच्या `skip` मध्ये `x` मिळवायचा. हे घर सोडायचं तर मागच्यावर काहीच बंधन नाही, म्हणून दोघांतला मोठा. आपल्या सहा घरांवर हे असं चालतं:

| आकडा | take | skip |
|---|---|---|
| 8 | 8 | 0 |
| 3 | 3 | 8 |
| 2 | 10 | 8 |
| 9 | 17 | 10 |
| 10 | 20 | 17 |
| 9 | 26 | 20 |

पाचव्या घराच्या ओळीवर जरा रेंगाळा. तिथे सर्वांत चांगलं उत्तर 20 आहे, पण अंतिम 26 त्या 20 मधून येत नाही. ते मागे पडलेल्या 17 मधून येतं, 17 + 9. एकच व्हेरिएबल ठेवून दर पावलाला फक्त मोठा आकडा जपला असता तर 17 हातातून गेले असते. दुसऱ्या व्हेरिएबलची गरज या एका ओळीत दिसते. तक्ता हाताने भरल्यावर ही ओळ ज्याला आपणहून सांगता येते त्याला प्रश्न कळला, असं मी धरतो.

आता कुठे बिघडतं ते पाहू. सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे दोन्ही बदल एका ओळीत न करता दोन ओळींत करणं.

```python
take = skip + x
skip = max(take, skip)
```

इथे दुसऱ्या ओळीत पोचेपर्यंत `take` नवा झालेला असतो, म्हणून `skip` मध्ये आत्ताचंच घर घुसतं. पुढच्या फेरीत त्या `skip` मध्ये पुढचा `x` मिळवला जातो आणि शेजारची दोन्ही घरं घेतली जातात. काही जण दोन ओळींची अदलाबदल करून बघतात. त्यानेही सुटत नाही, कारण मग `take` नव्या `skip` वर उभा राहतो आणि त्या `skip` मध्ये मागचं घेतलेलं घर असू शकतं. दोन्ही क्रमांत आपल्या उदाहरणाचं उत्तर 41 येतं, म्हणजे सगळ्या आकड्यांची बेरीज. खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: घरं एकाहून जास्त आणि आकडे धन असताना उत्तर एकूण बेरजेइतकं आलं, तर जुनी किंमत वापरायच्या आधीच पुसली गेली आहे. पायथॉनमध्ये वरच्यासारखी एकत्र नेमणूक केली की उजवी बाजू आधी पूर्ण मोजली जाते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. सी किंवा जावामध्ये जुना `take` आधी एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा लागतो. एका घराच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. `[5, 5]` वर लगेच दिसतो: 5 ऐवजी 10.

दुसरा दोष जास्त लपून राहतो. कोणीतरी `skip` साठी `max` न लिहिता नुसता मागचा `take` ठेवतं. डोक्यात असं असतं की आत्ताचं सोडलं म्हणजे मागचं घेतलेलंच असणार. मग सलग दोन घरं सोडायची मुभाच राहत नाही आणि प्रोग्रॅम गुपचूप एक सोडून एक घर घेत जातो. आपल्या उदाहरणावर तो 21 देतो, अगदी सुरुवातीच्या पहिल्या कल्पनेएवढंच. पुष्कळ छोट्या चाचण्या यातून पास होतात, म्हणून चाचणीत मधली दोन घरं मुद्दाम लहान ठेवलेला नमुना हवा. `[8, 3, 2, 9]` पुरतो: खरं उत्तर 17, चुकलेलं 12. सलग तीन घरं सोडणारा नमुना शोधत बसू नका. आकडे धन असतील तर त्या तिघांतलं मधलं घर नेहमी घेता येतं आणि बेरीज वाढते.

हेच उत्तर अनेकांनी `prev1` आणि `prev2` अशा नावांनी पाहिलेलं असेल, जिथे नवी किंमत `max(prev1, prev2 + x)` असते. तेही बरोबरच आहे, तिथे दोन व्हेरिएबल्स म्हणजे मागच्या घरापर्यंतचं आणि त्याच्या आधीच्या घरापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर. मी नवख्यांना `take` आणि `skip` सुचवतो, कारण नाव वाचलं की अट आठवते. मुलाखतीत घाई असताना याचा खरंच उपयोग होतो.

या मांडणीची एक स्पष्ट मर्यादा आहे. तिला किती हे कळतं, कोणती घरं हे कळत नाही. मुलाखत घेणारे पुढचा प्रश्न नेमका तोच विचारतात. तेव्हा प्रत्येक घरापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर ठेवणारी ॲरे परत आणायची. आपल्यासाठी ती 8, 8, 10, 17, 20, 26 अशी आहे. शेवटून मागे या. 26 हा आधीच्या 20 पेक्षा वेगळा, म्हणजे सहावं घर घेतलं आहे. दोन पावलं मागे जा. 17 हा 10 पेक्षा वेगळा, चौथं घर घेतलं. पुन्हा दोन मागे. 8 आणि 8 सारखे, म्हणजे दुसरं घर सोडलं. एकच पाऊल मागे. पहिल्यावर 8, ते घेतलं. जिथे घर घेतलं आणि सोडलं तरी बेरीज सारखीच येते, तिथे एकाहून जास्त बरोबर निवडी असतात. ही पद्धत त्यांतली एक देते.

घरं वर्तुळात असली, म्हणजे पहिलं आणि शेवटचं घर एकमेकांचे शेजारी झाले, की हाच प्रश्न लीटकोडवर 213 क्रमांकावर भेटतो. इथे तिसरं व्हेरिएबल शोधण्यात वेळ घालवू नये. पहिलं आणि शेवटचं एकत्र घेता येत नाही, म्हणजे त्यांपैकी निदान एक सोडलेलंच असणार. शेवटचं वगळून एकदा चालवा, पहिलं वगळून एकदा चालवा, आणि मोठा आकडा घ्या. आपल्या आकड्यांवर पहिल्या वेळी 20 आणि दुसऱ्या वेळी 21 येतात, म्हणून उत्तर 21. दोन्ही वेळा `take` आणि `skip` शून्यापासून सुरू करायचे. घर एकच असेल तर दोन्ही तुकडे रिकामे राहतात आणि उत्तर 0 येतं, म्हणून ती एक स्थिती आधीच वेगळी तपासून त्या घराचा आकडा परत द्यायचा.